ॲम्प्लिफायरची बँडविड्थ आणि इनपुट इम्पिडन्स मोजताना प्रोब कुठे फसवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या प्रयोगशाळांत आणि दुरुस्तीच्या टेबलांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो: सर्किट तेच, पार्ट तेच, मग बँडविड्थ प्रत्येकाची वेगळी का? उत्तर बहुतेक वेळा प्रोबमध्ये असते. ते नीट कळावे म्हणून या पानावर जवळजवळ सगळी उत्तरे एकाच सर्किटवर दिली आहेत. ते ब्रेडबोर्डवर लावा आणि वाचता वाचता मोजा.

कोणते सर्किट धरले आहे?

बीसी ५४७ बी चा एक-टप्प्याचा कॉमन एमिटर ॲम्प्लिफायर. सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून ४७ किलोओहम, खालून १० किलोओहम. कलेक्टरला ४.७ किलोओहम. एमिटरला आधी १०० ओहम आणि त्याखाली १ किलोओहम. १०० मायक्रोफॅरडचा बायपास कपॅसिटर फक्त १ किलोओहमवर टाकायचा, वरचा १०० ओहम मोकळा ठेवायचा. इनपुट कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, आउटपुट कपॅसिटर १ मायक्रोफॅरड.

सिग्नल देण्याआधी मल्टिमीटरने डीसी तपासा. एमिटरवर सुमारे १.४ व्होल्ट आणि कलेक्टरवर ६ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत, म्हणजे करंट १.३ मिलीअँपिअरच्या घरात आहे. कलेक्टरवर ११-१२ व्होल्ट किंवा दीड व्होल्ट दिसत असतील तर पुढचे काहीही मोजू नका, आधी जोडणी बघा.

या करंटला ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर रोध २० ओहमच्या आसपास असतो. तो आणि मोकळा १०० ओहम मिळून १२० ओहम. म्हणून गेन ४७०० भागिले १२०, म्हणजे साधारण ३९. ट्रान्झिस्टरचा बीटा २९० धरला तर बेसकडून दिसणारा रोध ३५ किलोओहमच्या जवळपास जातो. त्याला बायसचे दोन रेझिस्टर समांतर आहेत, म्हणून इनपुट इम्पिडन्स ६.७ किलोओहमच्या आसपास यायला हवा. हे दोन आकडे कागदावर आधी लिहून ठेवा. अंदाज हाताशी असला की चुकीचे रीडिंग लगेच ओळखू येते.

जनरेटरवर २५ मिलिव्होल्ट सेटच होत नाही. काय करावे?

बऱ्याच फंक्शन जनरेटरना इतका लहान सिग्नल स्वच्छ देता येत नाही. बाहेर दोन रेझिस्टर लावा: जनरेटरच्या गरम टोकापासून १ किलोओहम, मग तिथून ग्राउंडला ५१ ओहम. त्या जोडावरून ॲम्प्लिफायरचे इनपुट घ्या. जनरेटरचा स्वतःचा ५० ओहम धरून सिग्नल सुमारे २१.६ पट लहान होतो. म्हणजे उघड्या टोकावर ५४० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक असताना इनपुटला २५ मिलिव्होल्ट मिळतात आणि आउटपुटला साधारण १ व्होल्ट.

याचा दुसरा फायदा मोठा आहे. ॲम्प्लिफायरला आता जवळजवळ ५० ओहमचा सोर्स दिसतो, आणि इनपुटच्या त्या जोडावर प्रोब लावला तरी ५० ओहमपुढे प्रोबचे ओझे नगण्य ठरते.

एक काळजी घ्या. जनरेटरच्या मेनूत लोड ‘५० ओहम’ निवडलेला असेल तर स्क्रीनवरचा आकडा ५० ओहम लोड धरून लिहिलेला असतो. आपल्या जोडणीत लोड त्याहून खूप मोठा आहे, त्यामुळे प्रत्यक्ष व्होल्टेज जवळपास दुप्पट निघते. गेन ३९ ऐवजी ७८ दिसू लागला की पहिला संशय इथे घ्या. दहापट चूक दिसली तर प्रोबवरचा स्विच आणि सीआरओच्या मेनूतले सेटिंग जुळते का ते पाहा. त्या चुकीने गेन बिघडतो, बँडविड्थ बिघडत नाही.

बँडविड्थ मोजायची नेमकी रीत कोणती?

फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झवर ठेवा. आउटपुट सीआरओवर आणा आणि व्होल्ट-पर-डिव्हिजनची बारीक खुंटी फिरवून लहर वरपासून खालपर्यंत बरोबर ७ घरे भरेल अशी लावा. डिजिटलवर हेच ‘फाइन’ निवडून होते. सातचा ०.७०७ पट म्हणजे ४.९५, व्यवहारात ५ घरे. आता खुंटीला हात न लावता फ्रिक्वेन्सी वाढवत न्या. लहर ५ घरांवर आली ती वरची कट-ऑफ फ्रिक्वेन्सी. मग परत १० किलोहर्ट्झवर या, ७ घरे अजून आहेत का पाहा, आणि फ्रिक्वेन्सी कमी करत खालची कट-ऑफ शोधा.

फ्रिक्वेन्सी बदलताना जनरेटरचे आउटपुट स्वतःच कमी-जास्त होऊ शकते. म्हणून दुसरा चॅनेल ५१ ओहमच्या जोडावर कायम ठेवा आणि इनपुट हलले तर पुन्हा जागेवर आणा. लहरीचा आकार साइनसारखाच राहिला पाहिजे. वरचे किंवा खालचे टोक चेपले असेल तर सिग्नल निम्मा करा, कारण चेपलेल्या लहरीवर ०.७०७ चा हिशोब लागू होत नाही.

माझी बँडविड्थ ३०० किलोहर्ट्झ येते, शेजाऱ्याची १.३ मेगाहर्ट्झ. कोणाची बरोबर?

दोघांचीही नाही. हा या पानावरचा मुख्य मुद्दा आहे, म्हणून आकड्यांनिशी पाहू.

५० ओहम सोर्सवर या सर्किटची वरची कट-ऑफ आउटपुटच्या बाजूने ठरते. कलेक्टरचा ४.७ किलोओहम आणि त्या जोडावर लटकलेली एकूण कपॅसिटन्स मिळून एक लो-पास फिल्टर बनतो. ट्रान्झिस्टरची कलेक्टर-बेस कपॅसिटन्स साधारण ३ पिकोफॅरड, ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि वायरींची मिळून काही पिकोफॅरड, अशी एकूण १० पिकोफॅरड धरू. मग

```
f = 1 / (2π R C)
R = 4.7k, C = 10 pF   ->  3.4 MHz
R = 4.7k, C = 25 pF   ->  1.35 MHz
R = 4.7k, C = 110 pF  ->  308 kHz
```

पहिली ओळ म्हणजे सर्किट एकटे असताना. दुसऱ्या ओळीत १०-एक्सवर ठेवलेला प्रोब लावला आहे, त्याची टोकाकडची कपॅसिटन्स १५ पिकोफॅरडच्या आसपास असते. तिसऱ्या ओळीत तोच प्रोब १-एक्सवर आहे. तेव्हा केबलची सगळी कपॅसिटन्स आणि सीआरओच्या इनपुटची कपॅसिटन्स थेट कलेक्टरवर येते, एकूण १०० पिकोफॅरडच्या घरात.

म्हणजे ३०० किलोहर्ट्झवाल्याने स्विच १-एक्सवर ठेवला होता आणि १.३ मेगाहर्ट्झवाल्याने १०-एक्सवर. पहिल्याने मुख्यतः केबल मोजली. दुसऱ्याच्या रीडिंगमध्ये सर्किटचा वाटा १० पिकोफॅरडचा आणि प्रोबचा १५ चा, म्हणजे तिथेही अर्ध्याहून जास्त प्रोबच आहे. सीआरओ १०० मेगाहर्ट्झचा असला तरी यात फरक पडत नाही. अडथळा सीआरओच्या वेगाचा नाही, ४.७ किलोओहमला ती कपॅसिटन्स भरायला लागणाऱ्या वेळेचा आहे.

पण प्रोबचा रोध तर १० मेगओहम आहे. तो लोड कसा होईल?

१० मेगओहम हा डीसीचा आकडा आहे. फ्रिक्वेन्सी वाढली की प्रोबची कपॅसिटन्स वाट मोकळी करते. १५ पिकोफॅरडचा रिॲक्टन्स १ किलोहर्ट्झला १० मेगओहमहून थोडा जास्त असतो, पण १ मेगाहर्ट्झला तो १०.६ किलोओहम उरतो. १०० पिकोफॅरडचा तर १ मेगाहर्ट्झला १.६ किलोओहम. कलेक्टरच्या ४.७ किलोओहमला समांतर १.६ किलोओहमचा कपॅसिटर जोडून बँडविड्थ मोजल्यासारखे ते होते.

प्रोबमुळेच बँडविड्थ पडतेय हे खात्रीने कसे ओळखायचे?

लहर कट-ऑफवर, म्हणजे ५ घरांवर आणून ठेवा. आता दुसरा तसाच प्रोब, तोही १०-एक्सवर आणि दुसऱ्या चॅनेलला जोडलेला, त्याच जोडावर लावा. पहिल्या चॅनेलवरची लहर जागची हलली नाही तर प्रोब निर्दोष. आपल्या सर्किटमध्ये ती पाचवरून पावणेचार घरांपर्यंत उतरते. दुसऱ्या प्रोबने जेवढे पाडले, पहिल्यानेही तसेच काहीतरी आधीच पाडलेले आहे, फक्त ते दिसत नव्हते.

ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती प्रत्येक रीडिंगआधी करावी असे आमचे ठाम मत आहे.

मग प्रोब न लावता बँडविड्थ किती, हे कसे काढायचे? मोजायला प्रोब तर लागणारच.

वरच्याच दोन रीडिंगांतून निघते. कट-ऑफ फ्रिक्वेन्सीचा व्यस्त, म्हणजे १ भागिले फ्रिक्वेन्सी, हा कपॅसिटन्सच्या सरळ प्रमाणात वाढतो. एका प्रोबने तो जेवढा वाढतो तेवढाच दुसऱ्याने वाढतो. म्हणून तेवढाच एकदा वजा केला की प्रोब नसतानाचा आकडा मिळतो.

```
1/f0 = 2/f1 - 1/f2
```

यात `f1` एका प्रोबवरची कट-ऑफ, `f2` दोन सारख्या प्रोबवरची, आणि `f0` प्रोबशिवायची.

आपल्या सर्किटवर एका प्रोबने १.३५ मेगाहर्ट्झ आणि दोन प्रोबनी ०.८५ मेगाहर्ट्झ मिळाले असे धरू. २ भागिले १.३५ म्हणजे १.४८१, १ भागिले ०.८५ म्हणजे १.१७६. वजाबाकी ०.३०५, आणि तिचा व्यस्त ३.२८ मेगाहर्ट्झ. हिशोबाने काढलेल्या ३.४ च्या अगदी जवळ.

आता याच आकड्यांतून एक पडताळणी करून घ्या, ती सोडू नका. दोन व्यस्तांमधला फरक १.१७६ वजा ०.७४१, म्हणजे ०.४३५ मायक्रोसेकंद. त्याला २π आणि १५ पिकोफॅरडने भागले की रोध निघतो: ४.६ किलोओहम. कलेक्टरला आपण ४.७ लावला आहे. म्हणजे कट-ऑफ खरोखर आउटपुटच्या जोडावर ठरते आणि प्रोबची १५ पिकोफॅरडही बरोबर धरली आहे. हाच रोध १ किंवा १० किलोओहम आला असता तर कुठेतरी गृहीतक चुकले असते.

या पद्धतीला मर्यादा आहे. उत्तर दोन जवळच्या आकड्यांच्या वजाबाकीतून येते, त्यामुळे वाचनातली चूक फुगते. ०.८५ वाचताना ३ टक्के चूक झाली तर ३.२८ मध्ये ११-१२ टक्क्यांची चूक शिरते. म्हणून फ्रिक्वेन्सी डायलवरून वाचू नका, काउंटरवरून किंवा जनरेटरच्या डिजिटल आकड्यावरून घ्या, आणि ५ घरांची रेघ जाड दिसत असेल तर फोकस आणि प्रकाश आधी नीट करा.

दुसरा प्रोब नाही. काही उपाय?

१५ पिकोफॅरडचा एनपीओ सिरॅमिक कपॅसिटर कलेक्टरच्या जोडापासून ग्राउंडला लावा, पाय कापून आखूड करून. प्रोबची कपॅसिटन्स त्याच्या माहितीपत्रकात, कधी कधी अंगावरही, छापलेली असते. त्याच्या जवळचा मूल्यांक घ्या, म्हणजे वरचे सूत्र जसेच्या तसे चालेल. मात्र प्रोब १२ चा आणि कपॅसिटर २२ चा असा बेमेळ असेल तर आधी २२ पिकोफॅरडमुळे व्यस्त किती वाढला ते पाहा, त्याचा २२ वा भाग घ्या, बाराने गुणा आणि तेवढे पहिल्या रीडिंगच्या व्यस्तातून वजा करा.

मधे एमिटर फॉलोअर टाकला तर चालेल का?

चालेल, आणि रोज मोजायचे असेल तर तोच सोयीचा. कलेक्टरवरून थेट दुसऱ्या बीसी ५४७ चा बेस, त्याचा कलेक्टर १२ व्होल्टला, एमिटरला ३.३ किलोओहम, आणि प्रोब त्या एमिटरवर. फॉलोअरचा बाहेरचा रोध काही दहा ओहमांत असतो, त्यामुळे प्रोबची १५ पिकोफॅरड त्याला जाणवत नाही. पण फॉलोअर स्वतःची २-३ पिकोफॅरड आणि ब्रेडबोर्डची आणखी एक पट्टी घेऊन येतो, म्हणून मिळणारा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमीच राहतो.

प्रोबचे कॉम्पेन्सेशन बिघडलेले असेल तर बँडविड्थ चुकते का?

संदर्भाची फ्रिक्वेन्सी कोणती घेतली यावर आहे. १०-एक्स प्रोबमध्ये दोन वाटा असतात: सावकाश सिग्नलसाठी ९ मेगओहमचा रेझिस्टर, वेगवान सिग्नलसाठी त्याला समांतर लहान कपॅसिटर. दोन्ही वाटांचा सांधा दीड-एक किलोहर्ट्झच्या आसपास असतो. ट्रिमर चुकलेला असेल तर सांध्याखालच्या आणि सांध्यावरच्या फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या पटीने दिसतात.

तुम्ही ७ घरे १०० हर्ट्झवर लावली आणि कट-ऑफ मेगाहर्ट्झमध्ये शोधली तर ती पूर्ण चूक तुमच्या रीडिंगमध्ये येते. संदर्भ १० किलोहर्ट्झवर घेतला तर दोन्ही रीडिंग कपॅसिटरच्याच वाटेवरची असतात आणि चूक बहुतांशी कटते. खालची कट-ऑफ मोजताना मात्र ती परत येते, म्हणून ट्रिमर लावूनच घ्या. प्रोब सीआरओच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी लहरीवर धरा. कोपरे गोल दिसले तर कॉम्पेन्सेशन कमी, कोपऱ्यावर शिंग दिसले तर जास्त. प्लास्टिकच्या पेचकसाने फिरवून माथा सपाट करा. प्रोब दुसऱ्या चॅनेलला किंवा दुसऱ्या सीआरओला लावला की हे पुन्हा करायचे, कारण प्रत्येक इनपुटची कपॅसिटन्स वेगळी असते.

खालची कट-ऑफ प्रत्येक वेळी वेगळी येते.

सीआरओ एसी कपलिंगवर असेल. त्या कपलिंगचा स्वतःचा कपॅसिटर काही हर्ट्झवर सिग्नल पाडू लागतो. आपल्या सर्किटची खालची कट-ऑफ एमिटरच्या १०० मायक्रोफॅरडमुळे १५ हर्ट्झच्या आसपास आहे, इतक्या जवळ की दोन्ही मिसळतात. आउटपुट कपॅसिटरनंतर मोजा आणि सीआरओ डीसी कपलिंगवर ठेवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे खरे मूल्य छापलेल्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असू शकते, तेवढा फरक चूक समजू नये.

आता इनपुट इम्पिडन्स. मल्टिमीटर ओहमवर लावून का मोजता येत नाही?

मल्टिमीटर डीसी सोडतो आणि इनपुटला कपॅसिटर आहे, त्यामुळे काही वेळाने तो उघडे सर्किट दाखवतो. कपॅसिटर काढून बेसवर लावला तर मीटरचा करंट बायस हलवतो. आपल्याला चालू सर्किटचा, सिग्नलला दिसणारा रोध हवा आहे. तो सिग्नल देऊनच कळतो.

इनपुट इम्पिडन्स मोजायची सगळ्यात भरवशाची पद्धत कोणती?

पुस्तकी पद्धतीत इनपुटला सिरीज रेझिस्टर लावतात आणि त्याच्या आधी व नंतर असे दोन्हीकडे प्रोब लावतात. आम्ही सुचवतो ती पद्धत अशी: प्रोब आउटपुटवरच ठेवा, इनपुटला हातही लावू नका.

५१ ओहमचा जोड आणि इनपुट कपॅसिटर यांच्यामध्ये ६.८ किलोओहमचा रेझिस्टर घाला. त्याच्या दोन टोकांवर एक उडी-वायर लावा. फ्रिक्वेन्सी १ ते १० किलोहर्ट्झ. वायर लावलेली असताना आउटपुट वाचा, समजा १.०० व्होल्ट. वायर काढून पुन्हा वाचा, समजा ०.५० व्होल्ट. मग

```
Rin = Rs × V2 / (V1 - V2)
    = 6.8k × 0.50 / (1.00 - 0.50) = 6.8k
```

यातून सोर्सचे सुमारे ५० ओहम वजा करा, उरले ६.७५ किलोओहम. अंदाज ६.७ चा होता.

ही पद्धत चांगली का, ते समजून घ्या. प्रोब आउटपुट थोडे पाडत असेल तर ते दोन्ही रीडिंगांत सारखेच पाडतो, आणि सूत्रात फक्त गुणोत्तर आहे. सीआरओचे कॅलिब्रेशन ३ टक्के चुकलेले असले तरी तेही कटते, रेंज बदलली नाही तर. शिवाय इनपुटवर २५ मिलिव्होल्ट वाचायचे तर १०-एक्स प्रोबमधून सीआरओला अडीच मिलिव्होल्टच पोहोचतात आणि रेघ धुरकट होते. आउटपुटवर तोच सिग्नल ३९ पट मोठा मिळतो.

सिरीज रेझिस्टर ६.८ च का? १ किलोओहम चालणार नाही?

चालेल, पण चूक फुगेल. १ किलोओहमने आउटपुट १.०० वरून ०.८७ इतकेच उतरते. त्या रीडिंगमध्ये १ टक्का चुकलात तर इनपुट इम्पिडन्समध्ये जवळजवळ ८ टक्के चूक येते. रेझिस्टर इनपुट इम्पिडन्सएवढा असला की तीच चूक २ टक्क्यांवर राहते. ६८ किलोओहमसारखा फार मोठा घेतला तर गणित ठीक राहते, पण सिग्नल दहाव्या भागाहून लहान होतो आणि घरघर वर येते. पहिल्यांदा हाताला येईल तो लावा, उत्तर काढा, मग त्या उत्तराच्या जवळचा लावून पुन्हा मोजा.

पोटेन्शिओमीटर लावून आउटपुट बरोबर निम्मे करणे आणि मग तो मीटरने मोजणे हीही तीच पद्धत आहे. फक्त पोटेन्शिओमीटर सर्किटमधून पूर्ण काढून मोजा.

१०० किलोहर्ट्झवर इनपुट इम्पिडन्स कमी येतो. ट्रान्झिस्टर खराब आहे का?

नाही. कलेक्टर-बेसमधली ३ पिकोफॅरड मिलर परिणामाने इनपुटला गेनपेक्षा एक जास्त पट, म्हणजे ४० पट, १२० पिकोफॅरड होऊन दिसते. बाकीची थोडी धरून १३० म्हणा. ६.८ किलोओहमचा सिरीज रेझिस्टर लागला की तिच्यामुळे ३६० किलोहर्ट्झच्या आसपास नवी कट-ऑफ तयार होते, आणि १०० किलोहर्ट्झवरच रीडिंग ४ टक्के खाली येते. इथे चुकून १-एक्स प्रोब रेझिस्टरनंतर लावला तर आणखी १०० पिकोफॅरड येऊन तीच कट-ऑफ २०० किलोहर्ट्झजवळ घसरते. १० किलोहर्ट्झपर्यंत या दोन्हींचा त्रास नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते: बँडविड्थ सांगताना सोर्सचा रोध सांगितलाच पाहिजे. हाच ॲम्प्लिफायर १० किलोओहमच्या सोर्सने चालवला तर मिलरमुळेच वरची कट-ऑफ अडीचशे-तीनशे किलोहर्ट्झवर येते, आणि ती १-एक्स प्रोबच्या चुकीसारखीच दिसते. फरक ओळखायचा तर दुसऱ्या प्रोबची तपासणी करा. मिलर कारण असेल तर आउटपुटवर १०-एक्सचा दुसरा प्रोब लावल्याने आकडा थोडाच हलतो.

फेट ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स १ मेगओहम असायला हवा, पण ५०० किलोओहमच येतो.

बीएफडब्ल्यू १० च्या गेटला १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, तोच इनपुट इम्पिडन्स. सिरीज रेझिस्टरही १ मेगओहमचा घेतला आणि गेटवर १-एक्स प्रोब लावला, तर सीआरओचा स्वतःचा १ मेगओहम गेटला समांतर येतो. म्हणून उत्तर ५०० किलोओहम. त्यात केबलची १०० पिकोफॅरड मिळवली तर १ किलोहर्ट्झला ४८५ च्या आसपास आणि १० किलोहर्ट्झला चक्क १७० किलोओहम दिसतात. उत्तर फ्रिक्वेन्सीबरोबर पळू लागले की मोजमाप प्रोबचे चालले आहे हे पक्के.

१०-एक्सवर १ किलोहर्ट्झला ९०७ किलोओहम मिळतील, तरी ९ टक्के कमीच. इथे प्रोब आउटपुटवर ठेवण्याची पद्धत सोय म्हणून नाही, गरज म्हणून वापरावी लागते. फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झच्या खाली, २००-३०० हर्ट्झवर ठेवा, कारण फेटची आणि ब्रेडबोर्डची स्वतःची काही पिकोफॅरडही मेगओहमपुढे बोलू लागते.

सिरीज रेझिस्टरवरचे व्होल्टेज थेट एका प्रोबने, क्लिप एका टोकाला आणि सुई दुसऱ्या टोकाला लावून वाचता येईल का?

अजिबात नको. सीआरओची काळी क्लिप मेनच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि बहुतेक जनरेटरचे ग्राउंडही तिथेच. क्लिप रेझिस्टरच्या ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला लावली की इनपुट थेट ग्राउंड होते आणि आउटपुट नाहीसे होते. अर्थिंगची पिन काढून सीआरओ ‘फ्लोट’ करणे हा यावरचा उपाय नाही, सीआरओच्या धातूच्या भागांवर व्होल्टेज येऊ शकते. दोन चॅनेल लावून वजाबाकी घ्या, किंवा वरची आउटपुटची पद्धत वापरा.

लहर थरथरते, ५० हर्ट्झची घरघर वर चढते. उन्हाळ्यात जास्त.

उन्हाळ्यात आपली काळी माती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि अर्थिंगचा रोध वाढतो. खड्ड्यात नियमित पाणी घालणे हे प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग धरावे. टेबलावर करायचे ते असे: सीआरओ, जनरेटर आणि सप्लाय एकाच बोर्डातून घ्या, तिन्हींची ग्राउंड ब्रेडबोर्डच्या एकाच बिंदूवर आणा, आणि वीज गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर बारीक रीडिंग घेऊ नका. डिजिटल सीआरओला जनरेटरच्या ‘सिंक’ने ट्रिगर देऊन १६ वेळांचे ॲव्हरेजिंग लावले की घरघर पुष्कळशी विरते, कारण ती सिग्नलच्या तालात नसते.

मे महिन्यात आणि डिसेंबरात रीडिंग वेगळी येतील का?

या सर्किटची फारशी नाहीत. बंद पंख्याखाली ४३ अंशांत बेस-एमिटर व्होल्टेज २५ अंशांच्या मानाने ३६ मिलिव्होल्टने उतरते आणि करंट अडीच टक्के वाढतो. आतला एमिटर रोध २० वरून २०.७ ओहम होतो, पण त्याच्या जोडीला मोकळा १०० ओहम असल्याने गेन अर्ध्या टक्क्याच्या आसपासच हलतो. बीटा वाढल्याने इनपुट इम्पिडन्स एक-दोन टक्के वर जातो. १०० ओहमही बायपास केला असेल तर हा आधार जातो आणि गेन तापमानाबरोबर ३-४ टक्के सरकतो.

मोजलेली बँडविड्थ दुसऱ्या मार्गाने तपासता येते का?

येते. इनपुटला १०० किलोहर्ट्झची चौकोनी लहर द्या आणि आउटपुटच्या कडेला १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जायला किती वेळ लागतो ते वाचा. ०.३५ ला त्या वेळेने भागले की वरची कट-ऑफ मिळते. एका १०-एक्स प्रोबने २६० नॅनोसेकंद मिळाले तर १.३५ मेगाहर्ट्झ. लक्षात घ्या, ही पडताळणी प्रोबसकटच्या बँडविड्थची आहे, प्रोबची चूक ती पकडू शकत नाही. जनरेटरची स्वतःची कड ५० नॅनोसेकंदांपेक्षा जलद आहे ना, तेवढे आधी पाहून घ्या.

जर्नलमध्ये निकाल कसा लिहावा?

नुसते ‘बँडविड्थ १.३५ मेगाहर्ट्झ’ असे लिहू नका. असे लिहा: ‘सोर्स ५० ओहम, आउटपुट १ व्होल्ट पीक-टू-पीक, संदर्भ १० किलोहर्ट्झ. एका १०-एक्स, १५ पिकोफॅरड प्रोबने वरची कट-ऑफ १.३५ मेगाहर्ट्झ, दोन प्रोबनी ०.८५ मेगाहर्ट्झ, प्रोबशिवाय काढलेली ३.३ मेगाहर्ट्झ. खालची कट-ऑफ १५ हर्ट्झ. इनपुट इम्पिडन्स १० किलोहर्ट्झला ६.७५ किलोओहम, ६.८ किलोओहम सिरीज, आउटपुटवरून वाचन.’